पहिल्या इंग्रजी मेलच्या दोन ओळी

(वाढवणजवळ झालेल्या तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विचारलं, "सर, कशावर बोलणार?" मी म्हटलं, दोन ओळींवर बोलतो. आपण ज्यांना ओळखत नाही, जे वयानं किंवा पदानं मोठे आहेत, त्यांना पहिला इंग्रजी मेल लिहायचा, तर वरची ओळ काय आणि खालची ओळ काय. बाकीचा मेल तुम्ही लिहाल. अडतं ते या दोन ओळींवर.

आपल्या भागात हा प्रश्न आता रोजचा झालाय. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तुमच्यापैकी कुणाचा बंदराला विरोध आहे, कुणाला त्यातून काम हवं आहे, कुणाला फक्त माहिती हवी आहे. पण तिघांनाही एक गोष्ट करावी लागते. वकील, शास्त्रज्ञ, अधिकारी, पत्रकार, कंपनीचे लोक अशा कधी न पाहिलेल्या माणसांना इंग्रजीत लिहावं लागतं. आपल्या वडिलांच्या पिढीत हे काम तालुक्याच्या जागी बसलेला अर्जनवीस करायचा. आता मोबाइल आपल्या हातात आहे, अर्जनवीसही आपणच.

एक प्रसंग सांगतो. मुलीचं खरं नाव सांगत नाही, तिला आपण सलमा म्हणू. इथलीच आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. वडील मासळीचा टेम्पो चालवतात. घरात रोज एकच बोलणं, घोळ मिळत नाही, पापलेट लहान येतंय. तिला वाटलं, याचा अभ्यास कुणीतरी केला असेल. नेटवर शोधलं, तर या किनाऱ्यावरच्या मासळीवर काम केलेल्या एका शास्त्रज्ञांचा लेख सापडला. खाली ईमेलचा पत्ता होता. तिनं मेल पाठवला. तीन आठवडे उत्तर नाही. मग मेल घेऊन माझ्याकडे आली. मी एका कार्यालयात बरीच वर्षं आवक टपाल पाहिलंय, हे तिला माहीत होतं. तिचा मेल वरून आणि खालून असा होता:

```
Respected Sir,
...
Yours obediently,
Shaikh Salma Yusuf
```

मी विचारलं, "हे सर कोण?" ती म्हणाली, "शास्त्रज्ञ." म्हटलं, "ते कळलं, पण सर कशावरून?" आम्ही त्या संस्थेच्या वेबसाइटवर गेलो. फोटो पाहिला. त्या बाई होत्या. त्यांचंही खरं नाव सांगत नाही, एस. लक्ष्मी असं धरून चालू.

उत्तर न येण्याचं कारण हेच होतं, असं मी म्हणणार नाही. मेल स्पॅममध्ये गेला असेल, बाई समुद्रावर गेल्या असतील. चांगल्या मायन्यानं उत्तर हमखास येतं, असंही नाही. पण आवक टपाल पाहताना मी एक शिकलो. पहिल्या ओळीवरून वाचणाऱ्याला कळतं, की हे पत्र मला लिहिलंय की शंभर जणांना. "रिस्पेक्टेड सर" ही ओळ जगातल्या कुठल्याही माणसाला पाठवता येते. म्हणून ती वाचताना, हे आपल्यासाठी आहे असं कुणालाच वाटत नाही. आणि वाचणारी बाई असेल, तर तिला हेही कळतं, की लिहिणाऱ्यानं आपल्याबद्दल साधं पाहिलेलंही नाही. वर्षानुवर्षं पुरुषांच्या खात्यात काम करून ती तिथपर्यंत पोचलेली असते. तिला हे खुपतं.

मग हे "रिस्पेक्टेड सर" आणि "युवर्स ओबीडियंटली" आपल्याकडे आलं कुठून? शाळेतून. ताप आल्यावर मुख्याध्यापकांना सुट्टीचा अर्ज लिहायला आपण शिकलो, त्याच्या खाली "आपला आज्ञाधारक विद्यार्थी". विद्यार्थी आणि मुख्याध्यापकांत ते ठीक होतं. त्याच्याही मागे कंपनी सरकारचा जमाना आहे. त्या काळच्या इंग्रजी पत्रांत अधिकारीसुद्धा वरिष्ठाला लिहिताना शेवटी स्वतःला "आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक" म्हणवून घेत. ती रीत होती, तेव्हा कुणाला तिचं काही वाटत नसे. आज मात्र लक्ष्मीबाई सलमाच्या मुख्याध्यापिका नाहीत आणि सलमा त्यांची नोकर नाही. एक माणूस दुसऱ्याला त्याच्या अभ्यासाबद्दल विचारतोय, इतकंच नातं आहे. आज्ञा कुणी दिलीच नाही, तर आज्ञाधारक कशाला व्हायचं?

सरकारनंही असे शब्द कमी केलेत. २०१२ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी देशातल्या कार्यक्रमांत राष्ट्रपतींसाठी "हिज एक्सलन्सी", म्हणजे महामहिम, वापरायची पद्धत थांबवली. केंद्र सरकारच्या कार्यालयीन पद्धतीच्या पुस्तिकेत तर दोन जोड्या स्पष्ट दिलेल्या आहेत. नेहमीच्या सरकारी पत्रात वर "सर" किंवा "मॅडम" आणि खाली "युवर्स फेथफुली". एका अधिकाऱ्यानं दुसऱ्याला नावानं लिहायच्या, म्हणजे अर्धशासकीय पत्रात वर "डिअर श्री अमुक" आणि खाली "युवर्स सिन्सिअरली".

ही जोडी ध्यानात ठेवा. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीतही हाच नियम आहे. वर माणसाचं नाव नसेल, तर खाली "फेथफुली". वर नाव असेल, तर खाली "सिन्सिअरली". वरची ओळ ठरली, की खालची आपोआप ठरते.

```
Dear Sir or Madam,   ->  Yours faithfully,
Dear Dr. Lakshmi,    ->  Yours sincerely,
```

आता "डिअर" शब्दापाशी आपली मुलं अडतात. सलमाही अडली. म्हणाली, "सर, डिअर म्हणजे प्रिय. एवढ्या मोठ्या बाईंना मी प्रिय कसं म्हणू?" शंका रास्त आहे. मराठीत "प्रिय" आपण बहिणीला, मैत्रिणीला लिहितो. पण मी तिला विचारलं, "तू मराठी पत्रात स.न.वि.वि. लिहितेस ना? त्यातला स कशाचा?" तो "सप्रेम"चा. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. भाडं थकवलेल्या भाडेकरूला घरमालक पत्र लिहितो, त्यातही स.न.वि.वि. असतं. तिथे प्रेम कुणी मोजत नाही. इंग्रजी पत्रातलं "डिअर" तसंच आहे. ते पत्राचं दार आहे. आदर दिसतो तो त्याच्या पुढच्या शब्दात, म्हणजे "डॉक्टर", "प्रोफेसर" या पदवीत आणि बरोबर लिहिलेल्या नावात. "रिस्पेक्टेड" आपल्या देशात चालतं, कुणी रागावत नाही. पण परदेशातल्या माणसाला ते विचित्र वाटतं, आणि इथेही त्यानं नावाची उणीव भरून निघत नाही.

म्हणून पहिलं काम मेल लिहिणं नाही, नाव शोधणं आहे. संस्थेच्या वेबसाइटवर कर्मचाऱ्यांचं पान असतं, तिथे जा. तीन गोष्टी पाहा. नावाचं स्पेलिंग, पदवी, आणि बाई की पुरुष. स्पेलिंग हातानं टाइप करू नका, तिथून उचलून चिकटवा. आपल्या "शेख"चीच इंग्रजीत किती स्पेलिंगं आहेत, हे तुम्हाला सांगायला नको.

नाव सापडलं तरी त्यातलं काय लिहायचं, इथे आपल्या सवयी आडव्या येतात. मराठीत आपण "सुरेश सर", "जोशी मॅडम" म्हणतो. पदवी नावाच्या मागे लागते. तेच इंग्रजीत "डिअर सुरेश सर" होतं. इंग्रजीत पदवी पुढे आणि तिच्यामागे आडनाव. "डिअर डॉक्टर जोशी". "डॉक्टर" लिहिलं, की आणखी "सर" नको. पदवी नसेल, तर पुरुषाला "मिस्टर" आणि बाईंना "मिस", पण हे मिस एम आणि एस या दोन अक्षरांचं. लग्न झालंय की नाही, ही चौकशी त्यात येत नाही. बाई की पुरुष ते कळलंच नाही, तर पूर्ण नाव लिहा, "डिअर इक्बाल अमुक". इक्बाल हे नाव आपल्यात पुरुषाचं, पण शिखांमध्ये बाईचंही असतं. "डॉक्टर" असेल तर ही अडचणच येत नाही.

आडनावाचा नियमही सगळीकडे चालत नाही. सलमाच्या विषयातलंच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली सुरू झाली, तिचं मुख्यालय कोचीला आहे. अशा संस्थांत केरळ-तमिळनाडूचे शास्त्रज्ञ पुष्कळ. तिकडे अनेकांना आपल्यासारखं आडनाव नसतं. पुढचं अक्षर वडिलांच्या किंवा गावाच्या नावाचं असतं, आणि शेवटी असतं ते त्यांचं स्वतःचं नाव. म्हणजे एस. लक्ष्मी यांना "डॉक्टर लक्ष्मी" म्हणणं हेच बरोबर आहे. त्यात सलगी नाही. "डॉक्टर एस." लिहिलंत, तर मात्र गंमत होईल.

आणि पद मोठं असेल तर? आपल्या डहाणूचंच उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दीर्घकाळ त्याचे अध्यक्ष होते. त्यांना तेव्हा इंग्रजीत मेल लिहायचा असता, तर "डिअर जस्टिस धर्माधिकारी" एवढं पुरलं असतं. "जस्टिस" या एका शब्दात मान पूर्ण आला. त्याच्या आधी "मोस्ट रिस्पेक्टेड" आणि नंतर "सर" लावून तो वाढत नाही.

जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांना लिहिताना मात्र उलट करा. तिथे बदल्या होतात. वेबसाइटवरचं नाव जुनं असू शकतं. गेलेल्या अधिकाऱ्याच्या नावानं नव्या अधिकाऱ्याला मेल गेला, तर तो नक्की चुकला. शिवाय तुमचं काम त्या माणसाकडे नसून त्या खुर्चीकडे आहे. म्हणून तिथे "डिअर सर ऑर मॅडम" आणि खाली "युवर्स फेथफुली". "टू हूम इट मे कन्सर्न" लिहू नका. ते दाखल्यावर शोभतं, कारण दाखला कोण वाचेल ते माहीत नसतं. तुम्हाला तर माहीत आहे की मेल कुठल्या कार्यालयात चाललाय.

आता आपल्यातला एक खास प्रश्न. परवा एका मुलानं विचारलं, "समोरच्याचं नाव मुसलमान दिसलं, तर अस्सलामु अलैकुमनं सुरुवात करू का? नाही केली तर त्याला वाईट वाटेल का?" मी त्याला म्हटलं, तू डहाणूचा ना? इथल्या चिकूच्या वाड्या कुणाच्या आहेत ते आठव. पारशी आणि इराणी लोकांच्या कितीतरी वाड्या आहेत. फिरोज, रुस्तम, शिरीन. फिरोज नाव वाचून सलाम लिहिलास आणि तो निघाला पारशी, तर? नावावरून धर्म ओळखणं हा अंदाज आहे, आणि पहिल्या मेलची पहिली ओळ अंदाजावर उभी करू नये. आपल्या नावावरून आपला अंदाज केला, की आपल्याला कसं वाटतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

दुसरं, तुम्ही त्या माणसाकडे शास्त्रज्ञ म्हणून किंवा वकील म्हणून जाताय. सलाम वर टाकला, की नकळत एक अपेक्षा पुढे सरकते, आपला आहे, मदत करेल. काही जणांना ते आवडेल, काहींना अवघडल्यासारखं होईल. पहिल्या मेलमध्ये त्यांना त्या जागी उभं करू नका. "डिअर डॉक्टर" लिहा. उत्तरात त्यांनी सलाम लिहिला, तर तुम्ही खुशाल वालेकुम सलाम लिहा. एखाद्या मदरशाला, दर्ग्याच्या ट्रस्टला किंवा जिच्या पत्रांतच सलाम असतो अशा संस्थेला लिहीत असाल, तर सलामनं सुरुवात करणंच योग्य. यात ओळख लपवण्याचा प्रश्न येत नाही. तुमचं पूर्ण नाव खाली आहेच, आणि ते ठळक असू द्या.

"गुड मॉर्निंग"ही टाळा. तुम्ही सकाळी पाठवाल, ते रात्री वाचतील. "हाय" पहिल्या मेलला नको. "हॅलो डॉक्टर अमुक" अगदी चुकीचं नाही, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या मेलसाठी ठेवा.

आता खालची ओळ. जोडीचा नियम सांगितलाच. अमेरिकेत नुसतं "सिन्सिअरली" लिहितात, तेही चालतं. नुसतं "रिगार्ड्स" आपल्याकडे फार चालतं. ते चुकीचं नाही, थोडं कोरडं आहे. "काइंड रिगार्ड्स" त्यापेक्षा बरं. "वॉर्म रिगार्ड्स"मधली ऊब ओळख झाल्यावर. "थँकिंग यू" शाळेतून आलंय. त्याऐवजी शेवटच्या परिच्छेदात एक पूर्ण वाक्य लिहा, की वेळ काढून वाचल्याबद्दल आभारी आहे. आणि "थँक्स इन ॲडव्हान्स" टाळा. समोरच्यानं अजून हो म्हटलेलं नाही, आणि आपण काम झालं असं धरून मोकळे. काहींना ते दडपण वाटतं.

लिहिताना नेमक्या तीन चुका होतात. "युवर्स"च्या शेवटचा एस राहतो आणि "तुमचा"चं "तुम्ही"सारखं काहीतरी होतं. त्यात मध्ये ॲपॉस्ट्रॉफी घुसतो, तो तिथे नसतो. आणि दुसरा शब्द मोठ्या अक्षरानं सुरू होतो. मोठं अक्षर फक्त पहिल्या शब्दाला, मग स्वल्पविराम, मग खालच्या ओळीवर नाव.

त्या नावातच आपल्या महाराष्ट्रातली सर्वांत मोठी गफलत होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आपण मेलखालीही तसंच लिहितो. बाहेरचा माणूस पहिला शब्द हे तुमचं नाव समजतो. सलमाला उत्तर आलं असतं, तर ते "डिअर शेख" असं आलं असतं. म्हणून खाली आधी आपलं नाव, शेवटी आडनाव. तेच ईमेलच्या खात्यातही तपासा, कारण मेल उघडायच्या आधी समोरच्याला तेच नाव दिसतं. बऱ्याच जणांचं खातं दादाने किंवा मामाने उघडून दिलेलं असतं. तिथे दादाचं नाव असतं, नाहीतर "किंग" किंवा "प्रिन्स" असतं. खाली "युवर्स सिन्सिअरली, सलमा" आणि वर पाठवणारा "प्रिन्स इम्रान", तर वाचणाऱ्यानं कुणावर विश्वास ठेवायचा? फोन आपोआप चिकटवतो ती "अमुक मोबाइलवरून पाठवलं" ही ओळही काढून टाका.

तर सलमानं पुन्हा लिहिलं. पहिल्या मेलमधल्या तीन ओळी माफीच्या होत्या, त्रास देते, मी लहान आहे, चूक झाली तर क्षमा करा. त्या काढल्या. एका वाक्यात ती कोण, दुसऱ्यात लेखातलं नेमकं काय वाचलं, तिसऱ्यात एकच प्रश्न.

```
Dear Dr. Lakshmi,
...
Thank you for your time.

Yours sincerely,
Salma Shaikh
Dahanu, Palghar District
```

जुन्या मेलबद्दल एक शब्दही लिहिला नाही. "सर" म्हटल्याची माफी मागायची का, असं तिनं विचारलं होतं. मी नको म्हटलं. बाईंच्या लक्षात नसेल, तर आपणच आठवण करून द्यायची कशाला?

अकराव्या दिवशी उत्तर आलं. चार ओळींचं. बाईंनी दोन अहवाल जोडले होते आणि पुढे कुणाला विचारावं तेही सांगितलं होतं. सलमानं मला मेल दाखवला, तेव्हा मी तिला अहवालाच्या आधी त्याच दोन ओळी वाचायला लावल्या. वर "डिअर सलमा", खाली "रिगार्ड्स, लक्ष्मी".

या दोन ओळींत पुढच्या मेलची किल्ली असते. वर त्यांनी नाव बरोबर उचललं, म्हणजे तिची खालची ओळ कामाला आली. खाली त्यांनी "रिगार्ड्स" लिहिलं, म्हणजे आता सलमाही "युवर्स सिन्सिअरली" सोडून "काइंड रिगार्ड्स"वर येऊ शकते. समोरचा एक पायरी उतरला, की आपणही एक पायरी उतरायची. त्याच्या आधी नाही, आणि दोन पायऱ्या नाही.

सलमानं विचारलं, "त्यांनी नुसतं लक्ष्मी लिहिलंय. मग मी डिअर लक्ष्मी लिहू?" आपल्या देशात नको. इथे वडीलधारी माणसं स्वतःचं नाव साधं लिहितात, पण धाकट्यानं पदवी ठेवावी अशीच अपेक्षा असते. तुम्ही "डॉक्टर लक्ष्मी" म्हणत राहिलात, तर कुणाचं काही बिघडत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसानं असं नुसतं नाव लिहिलं, तर ती बहुधा परवानगी असते. तिथे दोन-तीन मेलनंतरही "डॉक्टर" धरून बसलात, तर त्यालाच परकं वाटतं.

एवढंच सांगायचं होतं. आता सगळ्यांनी मोबाइल काढा. स्वतःच्याच पत्त्यावर एक मेल पाठवा आणि तो उघडण्याआधी पाहा, पाठवणाऱ्याच्या जागी कुणाचं नाव दिसतंय. ज्यांना दादाचं दिसतंय त्यांनी इथेच थांबा, मी बसतो तुमच्याबरोबर.